वहीतला रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता

गटांच्या बैठकांना आम्ही फिरतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला, कडेला फलक लागला, फलकावर लाखांचा आकडा आला. पण काम बरोबर झालं की नाही हे आपण कसं ओळखायचं? वरून तर सगळे रस्ते सारखेच गुळगुळीत दिसतात. म्हणून आजच्या बोलण्यात एकच काम घेतलंय, गावातला सिमेंट काँक्रीटचा रस्ता. त्याचे कागद कोणते, ते कुठे मिळतात, आणि कागद नि रस्ता एकमेकांशी ताडून कसे बघायचे, एवढंच सांगणार आहोत.

आपल्या गटाचा हिशेब आपण कसा तपासतो ते आठवा. बैठकीची वही, बँकेचं पासबुक आणि पेटीतली रोकड, तिन्ही जुळली तर हिशेब बरोबर. एकटी वही कितीही नीट लिहिली असली तरी तिच्यावर आपण सही करत नाही. रस्त्याचंही तसंच आहे. करारात काय ठरलं, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलं आणि चाचणीच्या अहवालात काय आलं, हे तीन कागद आधी आपसांत जुळले पाहिजेत आणि मग रस्त्याशी जुळले पाहिजेत.

कागद कोणते आणि ते मागायचे कसे

पहिला कागद अंदाजपत्रक आणि करार. अंदाजपत्रकात प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली असते : खोदाई, मुरमाचा थर, काँक्रीट. प्रत्येक बाबीपुढे किती काम आणि काय दर हे असतं. करारात ठेकेदाराने ते काम किती दराने घेतलं, कधी संपवायचं आणि पुढे किती काळ दुरुस्ती त्याच्याकडे राहील हे असतं. त्या काळाला दोषदायित्व कालावधी म्हणतात.

दुसरा कागद मोजमाप पुस्तिका. कार्यालयात तिला सगळे एमबी म्हणतात. झालेल्या कामाचं माप अभियंता हिच्यात लिहितो, आणि बिल निघतं ते या मापावरून. म्हणून सगळ्यात जास्त लक्ष हिच्यावर ठेवायचं. काही कार्यालयांत आता एमबी संगणकावर असते. तिची छापील प्रत मागता येते.

तिसरा कागद गुणवत्ता चाचणीचे अहवाल. सिमेंटच्या रस्त्यात मुख्य चाचणी असते ती काँक्रीटच्या ठोकळ्यांची. त्याबरोबर सिमेंट खरेदीची बिलं आणि सिमेंटची नोंदवही मागायची. काँक्रीट तयार गाडीतून आलं असेल तर प्रत्येक गाडीचं चलन मागायचं.

हे कागद गुपित नसतात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात नुसती प्रतच नाही, तर मूळ कागद बघायचा, त्यातलं टिपून घ्यायचा, प्रत्यक्ष काम पाहायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क दिलेला आहे. काम ग्रामपंचायतीने केलं असेल तर अर्ज ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने केलं असेल तर पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात द्यायचा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईने तसा दाखला जोडला तर तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत, असा नियम आहे. म्हणून गावातली सगळी कामं एका अर्जात घालू नका, एकच रस्ता घ्या. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.

अर्जाचा मजकूर असा ठेवा :

"विषय : ... वस्तीतील ... ते ... या सिमेंट काँक्रीट रस्त्याचे अभिलेख. या कामाच्या पुढील कागदांची पाहणी करून हव्या त्या पानांच्या प्रमाणित प्रती घ्यायच्या आहेत : १. तांत्रिक मान्यता मिळालेलं अंदाजपत्रक. २. करारनामा व कार्यारंभ आदेश. ३. मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पानं. ४. दिलेली सर्व देयकं. ५. काँक्रीट व इतर साहित्याचे चाचणी अहवाल. ६. सिमेंट खरेदीची बिलं व नोंदवही. पाहणीची तारीख व वेळ कळवावी."

आधी पाहणी मागितलेली बरी. एमबी समोर उघडून बसलं की कुठल्या पानाची प्रत हवी ते कळतं, आणि पानाला दोन रुपये जातात ते नेमक्या पानांवर जातात.

एमबी कशी वाचायची

एमबीचं पान पहिल्यांदा पाहिलं की घाबरायला होतं, पण आत आहे ते चौथीचं गणित. एका ओळीत कामाचं नाव, मग लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी तिन्हींचा गुणाकार. तो गुणाकार म्हणजे घनमीटर. खडी-वाळू आपण ब्रासमध्ये घेतो, तर एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर हे लक्षात ठेवा, म्हणजे आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

आकड्यांच्या आधी पुस्तिकाच नीट बघायची. पानांना छापील क्रमांक असतात, मधलं पान गायब असता कामा नये. लिहिलेलं खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने पुसायचं नसतं. चुकलं तर त्यावर रेघ मारून, बाजूला बरोबर आकडा लिहून, तिथं सही करायची असते. माप घेणाऱ्याची सही आणि माप घेतल्याची तारीख हवी. वरच्या अधिकाऱ्याने काही मापं स्वतः तपासली असतील तर तशी नोंद आणि सही हवी. बिल निघालं की त्या मापांवर लाल शाईने तिरकी रेघ ओढतात, म्हणजे तेच माप दुसऱ्या बिलात पुन्हा येऊ नये.

मग तारखा एका ओळीत मांडायच्या. आधी कार्यारंभ आदेश, मग मुरमाचा थर, त्याचं माप, त्यावर काँक्रीट, काँक्रीटचं माप आणि शेवटी बिल. मुरूम काँक्रीटखाली झाकला जातो, म्हणून त्याचं माप काँक्रीट पडायच्या आधीचंच असलं पाहिजे. नंतरची तारीख दिसली तर विचारायचं, झाकलेल्या थराची जाडी कशी मोजली?

एका रस्त्याचा हिशेब

आता एका वस्तीतल्या रस्त्याचं उदाहरण सांगतो. तिथल्या चार गटांच्या बायकांबरोबर आम्ही ते तपासलं. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगत नाही, कारण कामाची आहे ती रीत.

करारात होतं : १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, एम-२० प्रतीचं काँक्रीट. गुणाकार ५४ घनमीटर, म्हणजे १९ ब्रास. दर घनमीटरला सहा हजार रुपये. नुसत्या काँक्रीटचे झाले ३ लाख २४ हजार. एमबीत एकच ओळ होती : १२०.०० गुणिले ३.०० गुणिले ०.१५, बरोबर ५४.००.

खरं तर पहिला प्रश्न इथंच पडतो. वस्तीतला रस्ता कधी फूटपट्टीने आखल्यासारखा नसतो. कुठं कुणाचा ओटा पुढे येतो, कुठं वळण असतं. नीट घेतलेल्या मापात दर काही मीटरला रुंदी लिहिलेली दिसते आणि मग तिची सरासरी काढलेली असते. अंदाजपत्रकातला आकडा जसाच्या तसा एमबीत आला, तर माप रस्त्यावर घेतलं की टेबलावर, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून टेप काढली.

मोजायला ३० मीटरची टेप घ्यावी, दोरी घेऊ नये, दोरी ताणली की लांबते. लांबी रस्त्याच्या मधोमध, वळणावर तुकड्यातुकड्याने मोजली. ती भरली ११८.४ मीटर. मग दर १५ मीटरला आणि शेवटच्या टोकाला, अशा नऊ ठिकाणी रुंदी घेतली : ३.००, ३.००, २.९५, २.९०, २.८०, २.८५, ३.००, ३.००, २.९५. बेरजेला नऊने भागलं, सरासरी आली २.९४. म्हणजे रस्त्याचं क्षेत्र ३६० चौरस मीटरऐवजी ३४८. जाडी पूर्ण १५ सेंटिमीटर धरली तरी काँक्रीट ५२.२ घनमीटरच होतं. फरक आहे, पण तो पावणेदोन घनमीटरच्या आसपास. एवढ्यावरून कुणाला धारेवर धरण्यात अर्थ नव्हता.

खरा प्रश्न जाडीचा असतो. लांबी आणि रुंदी कुणीही मोजू शकतं, म्हणून ती फारशी घटत नाही. जाडी जमिनीत असते. पंधराची तेरा झाली तरी वरून काहीच दिसत नाही, आणि काँक्रीट मात्र सातातला एक वाटा वाचतं.

जाडी बघायला साइडपट्टीची माती खुरप्याने सहा ठिकाणी बाजूला केली, काँक्रीटची कड फडक्याने पुसली आणि स्टीलची पट्टी उभी धरली. इथं एक जपायचं. काँक्रीट ओतताना सिमेंटचं पाणी फळीखालून पाझरून खाली पातळ पापुद्रा धरतं. तो जाडीत मोजायचा नाही. मापं आली १५, १४, १२, ११, १२ आणि १४. सरासरी १३. या हिशेबाने काँक्रीट होतं सव्वापंचेचाळीस घनमीटर. वहीत मात्र ५४.

आता सिमेंटचा कागद बघितला. मंजूर मिश्रणात एका घनमीटरला ३३० किलो सिमेंट होतं, म्हणजे ५० किलोच्या ६.६ गोण्या. ५४ घनमीटरला ३५६ गोण्या लागायला हव्यात. बिलं आणि नोंदवही दोन्हीकडे ३०० गोण्याच होत्या. ३०० ला ६.६ ने भागलं की येतात साधारण साडेपंचेचाळीस घनमीटर. कडेच्या मापाने जे सांगितलं होतं तेच गोण्यांनी सांगितलं. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, की बोलायला बळ येतं. तुमच्याकडे काँक्रीट गाडीतून आलं असेल तर हेच काम चलनं करतात. प्रत्येक चलनावर घनमीटर, तारीख आणि वेळ असते. सगळ्यांची बेरीज एमबीच्या आकड्याशी जुळली पाहिजे.

ठोकळे काय सांगतात, काय सांगत नाहीत

काँक्रीट ओततानाच त्यातलं थोडं काढून १५ सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात भरतात. दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. तीन ठोकळ्यांचा एक नमुना होतो. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. अहवालात ठोकळा किती किलोन्यूटनला फुटला ते लिहिलेलं असतं. त्या आकड्याला २२.५ ने भागा, ताकद मिळते. ४५० किलोन्यूटनला फुटला तर बरोबर २०. काही वेळा सात दिवसांचा अहवालही असतो. तेव्हा ताकद साधारण दोन तृतीयांश आलेली असते, म्हणून तो आकडा बघून घाबरू नका.

नमुने किती घ्यायचे हे काँक्रीट किती आहे त्यावर ठरतं. भारतीय मानक ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. म्हणजे ५४ घनमीटरला पाच नमुने, पंधरा ठोकळे.

या रस्त्याच्या फायलीत एकच नमुना होता, तीन ठोकळे. ते ५५२, ५५० आणि ५५१ किलोन्यूटनला फुटले होते. ताकद साडेचोवीसच्या आसपास, म्हणजे उत्तीर्ण. पण एकाच नमुन्यातल्या ठोकळ्यांत थोडा कमीजास्तपणा असतोच. मानकातही सरासरीच्या पंधरा टक्के वरखाली चालतं. इतके सारखे आकडे येऊच शकत नाहीत असं नाही, पण तारीख बघायला हवी. ठोकळे भरल्याची तारीख होती २ मार्च, फोडल्याची ३० मार्च. अठ्ठावीस दिवस बरोबर भरले. पण वस्तीत काँक्रीट पडलं ४ आणि ५ मार्चला. त्या दोन दिवशी निम्म्या बायका आपापल्या दारातून ते काम बघत होत्या आणि एकीने घरच्या कॅलेंडरवर खूणही केली होती. मग २ तारखेचे ठोकळे कुठल्या काँक्रीटचे? मुरमाच्या थराच्या मापाची तारीखही १० मार्चची होती, म्हणजे तो झाकला गेल्यानंतरची.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. ठोकळा अगदी खरा असला तरी तो मिश्रणाबद्दल सांगतो, रस्त्याबद्दल नाही. ठोकळा हौदात पाण्यात बसलेला असतो. रस्त्यावर पाणी किती दिवस मारलं, काँक्रीट नीट दाबून भरलं का, ओतताना गाडीत जास्तीचं पाणी घातलं का, हे ठोकळ्याला ठाऊक नसतं. आणि जाडी तर त्याला अजिबातच माहीत नसते.

पुढे काय केलं

एवढं झाल्यावर बायकांनी आरडाओरडा केला नाही. अंतिम बिल अजून निघालेलं नव्हतं, तेच महत्त्वाचं होतं. एका पानाचा अर्ज लिहिला. डाव्या बाजूला एमबीतला आकडा, उजव्या बाजूला मोजलेला आकडा, खाली गोण्यांचा हिशेब आणि तारखा. "भ्रष्टाचार", "चोरी" असे शब्द कुठेच घातले नाहीत. मागणी दोनच : संयुक्त मोजणी करा, आणि रस्त्यातून काँक्रीटचे गोल नमुने काढून जाडी व ताकद तपासा. या नमुन्याला कोअर म्हणतात. अर्जाची पोच घेतली आणि एक प्रत ग्रामपंचायतीत दिली.

मोजणीच्या दिवशी शाखा अभियंता म्हणाले, "ताई, कडेला काँक्रीट कमीच दिसतं. मधे पूर्ण पंधरा आहे."

त्यावर एक वयस्क मावशी म्हणाल्या, "मग मधलंच बघू या साहेब. आम्ही कडेला अडून बसत नाही."

ठेकेदार म्हणाला, "मावशी, मुरूम एखाद्या ठिकाणी जरा वर आला असेल. त्यात एवढं काय?"

"वर आला असेल की. मग काँक्रीट तेवढं कमी लागलं ना? आणि बिल पुऱ्याचं कसं?"

अभियंत्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे सांगायला हवं. तीन ठिकाणी कोअर काढले, जागा दोन्ही बाजूंनी मिळून ठरवल्या. जाडी भरली १४, १३ आणि साडेतेरा सेंटिमीटर, सरासरी साडेतेरा. कडेच्या मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त. ताकद आली १९.१, १८.२ आणि १७.६. कोअरसाठी नियम वेगळा आहे : तिन्हींची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या खाली नको आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-२० ला म्हणजे सरासरी किमान १७, आणि एकेक किमान १५. सरासरी आली १८.३. म्हणजे काँक्रीट चांगलं होतं. कमी होती ती जाडी.

नव्या मापाने काँक्रीट धरलं ४७ घनमीटर. ५४ ऐवजी ४७, सात घनमीटर कमी, म्हणजे अडीच ब्रास. सहा हजारांनी ४२ हजार रुपये अंतिम बिलातून कमी झाले. एमबीतली जुनी ओळ रेघ मारून कापली, सही झाली आणि खाली कोअरच्या जागांसकट नवं माप लिहिलं गेलं.

पण पैसे कापले म्हणून रस्ता जाड झाला नाही. जाड फळी आणि पातळ फळी दोन विटांवर आडवी ठेवून उभं राहून बघा, काँक्रीटचंही तसंच आहे. वाकण्याचा भार सोसायची ताकद जाडीच्या वर्गावर जाते. जाडी दहा टक्के घटली की ही ताकद जवळजवळ एकोणीस टक्के घटते. उसाचा ट्रॅक्टर गेला की याच जागी आधी भेग पडणार. करारात जाडीत किती मिलिमीटरची सूट चालते ते लिहिलेलं असतं. त्याहून कमी भरली तर नुसती कपात पुरत नाही, तेवढा भाग काढून पुन्हा करायचा की नाही हा निर्णय अभियंत्याला लेखी घ्यावा लागतो. तो निर्णय लेखी मागायला विसरू नका. या वस्तीत असं लिहून घेतलं, की दोषदायित्व कालावधीत पडलेली भेग ठेकेदार स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करेल आणि तोवर त्याची अनामत रक्कम सुटणार नाही. कालावधी कुठल्या तारखेला संपतो ते बायकांनी गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी मिळून रस्ता चालून बघायचा आणि भेगांची यादी द्यायची असं ठरलं आहे.

काँक्रीट पडायच्या आधीची दहा मिनिटं

खरं सांगायचं तर हे सगळं नंतर करण्यापेक्षा आधी करणं फार सोपं आहे. काँक्रीट ओतायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी किंवा लाकडी पट्ट्या लावतात. काँक्रीट त्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंत येतं. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांच्या काठावर दोरी घट्ट ताणा आणि दोरीपासून खाली मुरमापर्यंत पट्टी धरून मोजा, कडेला आणि मधे. दर पाच-सहा मीटरला एकदा. कुठं १५ पेक्षा कमी भरलं तर तिथं मुरूम वर आहे, तो काढायला सांगा. एका फावड्याचं काम असतं, त्या वेळी कुणी नाही म्हणत नाही.

काँक्रीट पडायच्या दिवशी गटातल्या दोघींनी तिथं थांबावं. तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, गाड्या किंवा गोण्या किती आल्या आणि ठोकळ्यांचे साचे किती भरले, एवढं वहीत लिहावं. साचे भरताना ठोकळ्यावर तारीख लिहिली जाते ती डोळ्यांनी बघावी. या अर्ध्या पानाच्या नोंदीने वरच्या उदाहरणातली २ मार्चची तारीख त्याच दिवशी पकडली असती.

कोऱ्या पंचनाम्यावर किंवा "काम समाधानकारक" असं आधीच छापलेल्या कागदावर मोजल्याशिवाय सही करू नका. मोजलं असेल तर सहीच्या वर आपले आकडे स्वतःच्या हाताने लिहा. आणि रस्ता आपण स्वतः फोडून बघायचा नाही. कोअर कार्यालयाने काढायचे, आपल्यासमोर काढायचे, आणि भोकं त्याच दिवशी काँक्रीटने भरून घ्यायची.

तुमच्या वस्तीत रस्ता मंजूर झाला असेल तर पुढच्या बैठकीला अंदाजपत्रकाची प्रत मागायचा अर्ज लिहून टाका. लांबी, रुंदी, जाडी आणि काँक्रीटची प्रत, हे चार आकडे हातात असले की बाकीचं मोजायला आपली एक टेप, एक दोरी आणि स्टीलची पट्टी पुरते. मोजताना काही अडलं तर रेडिओ केंद्रात कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.